हिवाळी आरोग्य तपासणी पॅकेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यासाठी वेगळं पॅकेज म्हणजे नेमकं वेगळं काय?

चाचण्यांच्या यादीत वेगळं काहीच नाही. रक्तपेशींची मोजणी म्हणजे सीबीसी, उपाशीपोटी साखर, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेसाठी एचबीए१सी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताची एन्झाइम्स, थायरॉइडसाठी टीएसएच आणि लघवीची साधी तपासणी. जोडीला रक्तदाब. उन्हाळ्यात आलात तरी आम्ही हेच तपासू.

वेगळी असते ती थंडीत काढलेल्या आकड्यांकडे पाहायची नजर. थंडीत काही आकडे खरोखरच थोडे सरकतात, काही नमुन्याच्या हाताळणीमुळे सरकल्यासारखे दिसतात, आणि नुकतीच सर्दी-ताप होऊन गेलेला असेल तर आणखी काही बदलतात. हे पान मुख्यतः त्याबद्दल आहे.

ही तपासणी केली नाही तर काही धोका आहे का?

आपल्याला काहीही त्रास नसेल, वय कमी असेल आणि गेल्या वर्षभरात रक्तदाब-साखर पाहून झाली असेल, तर हा हिवाळा तपासणीशिवाय गेला म्हणून काही बिघडत नाही. पस्तीस-चाळिशीच्या पुढे असाल आणि साखर किंवा रक्तदाब कधीच पाहिलेला नसेल, किंवा आईवडील-भावंडांना मधुमेह असेल, तर पाहून घेण्यात अर्थ आहे, कारण या दोन्ही गोष्टी बरीच वर्षं काहीही न जाणवता वाढू शकतात.

यात ‘इम्युनिटी’ची चाचणी आहे का?

नाही. प्रतिकारशक्ती चांगली की वाईट हे सांगणारा एक आकडा कुठल्याच प्रयोगशाळेकडे नाही. पांढऱ्या पेशींची संख्या ‘नॉर्मल’ आली म्हणून सर्दी होणार नाही असं नसतं, आणि वरचेवर सर्दी होणाऱ्या बहुतेकांची ती संख्या नॉर्मलच असते. खरोखरच वारंवार गंभीर संसर्ग होत असतील तर त्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. त्या कोणत्या करायच्या हे डॉक्टर ठरवतात, पॅकेज नव्हे.

नुकताच ताप येऊन गेला. आत्ता तपासणी करू का?

डॉक्टरांनी तापासाठीच चाचणी लिहून दिली असेल तर लगेच करा. हौसेने, वार्षिक म्हणून करत असाल तर बरं वाटायला लागल्यावर दोन-तीन आठवडे थांबा.

विषाणूजन्य तापात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तात्पुरत्या कमी होऊ शकतात, यकृताचं एन्झाइम एसजीपीटी थोडं वाढू शकतं, सूज दाखवणारा ईएसआर काही आठवडे चढा राहतो. आजारातून सावरताना टीएसएचही काही काळ वर जातो. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तर सूज असली की वाढतंच, त्यामुळे लोह कमी असूनही ते ठीक दिसू शकतं. कोलेस्टेरॉलचं उलट होतं: मोठ्या आजारात ते खाली येतं, म्हणजे वाईट आकडा चांगला दिसतो. एकूण, आजाराच्या पंधरवड्यात काढलेला रिपोर्ट त्या आजाराबद्दल जास्त आणि तुमच्या एरवीच्या तब्येतीबद्दल कमी सांगतो.

नोंदणीच्या वेळी आम्ही ‘गेल्या महिन्यात ताप, खोकला, नवीन औषध?’ असं विचारतो ते याचसाठी. घाईत ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका.

उपाशी किती तास राहायचं? पाणी चालतं का?

८ ते १२ तास. पाणी चालतं, आणि थंडीत तर आवर्जून प्या, कारण तहान कमी लागते आणि शिर सापडायला त्रास होतो. साखर किंवा दूध घातलेलं काहीही नको. १४-१५ तास उपाशी राहिल्याने रिपोर्ट जास्त अचूक येत नाही, फक्त चक्कर येते.

फक्त कोलेस्टेरॉल पाहायचं असेल तर बऱ्याचदा उपाशी राहायचीही गरज नसते. ट्रायग्लिसराइड फारच जास्त, साधारण ४०० मिलिग्रॅमच्या वर, आलं तर तेवढं उपाशीपोटी पुन्हा पाहतात. या पॅकेजमध्ये उपाशीपोटी साखर आहे म्हणून उपास.

रोजची औषधं घ्यायची का?

रक्तदाबाची नेहमीप्रमाणे घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, नमुना घ्यायला आलेल्या मुलाला नको. थायरॉइडची गोळी घेत असाल तर रक्त दिल्यावर घेतलेली बरी.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर टीएसएच आणि इतर हार्मोनच्या चाचण्यांमध्ये घोळ घालतं: आकडा खोटा कमी किंवा खोटा जास्त येतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधीपासून ते बंद ठेवायला सांगतात.

थंडीमुळे आकडे खरंच बदलतात, की ही नुसती सबब आहे?

बदलतात, पण थोडेच. रक्तदाब हे सर्वांत सहज दिसणारं उदाहरण. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरचा आकडा उन्हाळ्यापेक्षा काही मिमी जास्त येतो. त्यात कोणी थंडीतून चालत येऊन लगेच खुर्चीत बसला आणि स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधला, तर आकडा आणखी चढतो. म्हणून आम्ही आधी पाच मिनिटं उबेत बसवतो, बाही काढायला लावतो आणि दोनदा मोजतो. तरीही आकडा जास्त आला तर तो ‘थंडीमुळे’ म्हणून सोडून देत नाही. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगतो. थंडी हे त्यामागचं एक कारण असू शकतं, पण रक्तवाहिन्यांवर दाब पडायचा तो पडतोच.

एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि एकूण कोलेस्टेरॉल हिवाळ्यात सरासरीने काही मिलिग्रॅम जास्त असतं. मधुमेह असलेल्यांचं एचबीए१सीही हिवाळ्यात आणि त्यानंतर लगेच थोडं वर जातं, कारण हालचाल कमी होते आणि एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. टीएसएच थंडीत किंचित वाढतो, आणि शिवाय पहाटे जास्त, दुपारी कमी असतो.

यातला कुठलाही बदल इतका मोठा नाही, की एलडीएल १९० आलं आणि ‘हिवाळा आहे, होणारच’ म्हणावं. ऋतूचा विचार सीमारेषेवरच्या आकड्यांपुरता करायचा. गेल्या मे महिन्यात एलडीएल १२७ होतं आणि या जानेवारीत १३३ आलं, तर ‘वाढत चाललंय’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. तुलना करायचीच तर हिवाळ्याची हिवाळ्याशी करावी.

घरून नमुना दिला तर रिपोर्टमध्ये फरक पडतो का?

बहुतेक चाचण्यांत पडत नाही. एका चाचणीत मात्र थंडीत हमखास पडू शकतो, आणि ती म्हणजे पोटॅशियम. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण विनाकारण घाबरवणारा रिपोर्ट इथून तयार होतो.

शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्ताच्या द्रव भागात फारच थोडं. तांबड्या पेशींच्या आवरणावरचे पंप सतत काम करत ते आत राखून ठेवतात. नळीतलं रक्त गार पडलं की हे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पहाटे सहाला घेतलेलं रक्त थंड हवेत स्कूटरवरून तीन तास फिरत राहिलं, तर तुमच्या शरीरात ठीक असलेलं पोटॅशियम नळीत रेंजच्या वर जाऊ शकतं. पेशी फुटल्या तर द्रव लालसर दिसतो आणि तंत्रज्ञाला शंका येते. इथे तो स्वच्छ पिवळाच दिसतो, म्हणून चूक पकडणं अवघड जातं.

यावर उपाय म्हणजे रक्त घेतल्यावर शक्यतो दोन तासांच्या आत नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून सीरम, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, पेशींपासून वेगळं करणं. एकदा वेगळं झालं की मग गार ठेवलं तरी चालतं. वेगळं करण्याआधी नळी बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवणं मात्र चूक. ‘थंड ठेवलंय, म्हणजे चांगलं राहील’ या समजुतीने हेच नेमकं घडतं.

तुम्ही दोन गोष्टी करू शकता. नमुना घेताना मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. एकदा हलकी मूठ मिटली की पुरे. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे डॉक्टर पोटॅशियमवर लक्ष ठेवून असतील, तर थंडीच्या दिवसांत घरून नमुना देण्यापेक्षा इथे येऊन द्या.

हात गार असतील तर आधी चोळून किंवा कोमट पाण्यात धरून उबदार करा. शिर लवकर सापडली की दंडाला पट्टा कमी वेळ राहतो, आणि तो एक मिनिटाच्या आत सुटलेला बरा.

रिपोर्टमध्ये एक-दोन आकडे ठळक छापले आहेत. म्हणजे आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी ‘नॉर्मल रेंज’ कशी ठरते ते पाहू. निरोगी माणसांचा एक गट घेऊन चाचणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या मर्यादेत येतात ती रेंज धरतात. म्हणजे निरोगी असूनही १०० पैकी ५ जण त्या रेंजच्या बाहेर राहणार, हे व्याख्येतच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तर किमान एक आकडा बाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज यावा इतका खरा आहे. (‘अमुकतमुक पॅरामीटर’ म्हणून मोठा आकडा मिरवणारी पॅकेजेस पाहताना हा हिशेब लक्षात ठेवा.)

साखर आणि कोलेस्टेरॉल यांची गोष्ट निराळी आहे. तिथली मर्यादा धोका कुठून वाढतो हे पाहून ठरवलेली असते, म्हणून तिथे ‘बऱ्याच लोकांचं असंच असतं’ हे समाधान चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. हे समजावण्यासाठी रचलेलं आहे, कोणाचा खरा रिपोर्ट नव्हे. ४६ वर्षांच्या बाई, काही तक्रार नाही, चालू औषध नाही. बारा दिवसांपूर्वी तीन दिवस ताप होता. डिसेंबरमध्ये भल्या सकाळी घरून नमुना दिला. रिपोर्टमध्ये चार आकडे ठळक: पोटॅशियम ५.९, एसजीपीटी ५२, टीएसएच ५.८, उपाशीपोटी साखर १०४. बाकी सगळं रेंजमध्ये, एचबीए१सी ५.५.

पहिल्यांदा पोटॅशियम, कारण ते खरं असेल तर थांबून चालत नाही. इथे क्रिएटिनिन नॉर्मल आहे, पोटॅशियम वाढवणारं औषध नाही आणि नोंदीप्रमाणे नळी अडीच तासांनी फिरवली गेली. आकडा खोटा असण्याचीच शक्यता जास्त, पण शक्यतेवर विसंबायचं नाही. त्याच दिवशी फोन करून बाईंना बोलावायचं, रक्त इथेच घ्यायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात वेगळं करायचं. दुसरा आकडा ४.३ आला तर विषय संपला, आणि या दुसऱ्या चाचणीचे पैसे घ्यायचे नाहीत. चूक आमच्या वाहतुकीची होती. दुसराही आकडा चढा आला, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

एसजीपीटी ५२ म्हणजे किंचित जास्त. बारा दिवसांपूर्वीचा ताप आणि त्यात घेतलेल्या गोळ्या पाहता महिनाभराने पुन्हा पाहणं पुरेसं आहे. लगेच सोनोग्राफीकडे धावायचं कारण नाही. तेव्हाही वाढलेलंच असेल तर मात्र कारण शोधायला हवं, आणि यकृतातली चरबी हे त्याचं नेहमीचं कारण आहे.

टीएसएच ५.८ आजारातून उठताना, थंडीत, पहाटेच्या नमुन्यात. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि सोबत फ्री टी४ हे थायरॉइडचं हार्मोन पाहतात, आणि पुष्कळांचा तो तोवर आपोआप रेंजमध्ये येतो. एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ नये. अपवाद गरोदरपणाचा किंवा गरोदरपणाची तयारी चालू असल्याचा: तेव्हा न थांबता डॉक्टरांना विचारायचं.

उरली साखर. १०० ते १२५ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात, आणि एचबीए१सीमध्ये तो ५.७ ते ६.४. इथे एक चाचणी किंचित वर, दुसरी ठीक. खरं सांगायचं तर चारांपैकी पुढच्या काही वर्षांसाठी लक्षात ठेवावा असा आकडा हाच, आणि रिपोर्टमध्ये तो सर्वांत साधा दिसतो. वजन, चालणं, झोप यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं आणि वर्षभराने पुन्हा पाहावं. साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ च्या वर असती, तरी काही लक्षणं नसताना एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात.

सीबीसीला उशीर होतोय, ‘नमुना पुन्हा गरम करून लावलाय’ म्हणाले. काही गडबड आहे का?

नाही. काही जणांच्या रक्तात थंडीला चिकटणारी प्रतिद्रव्यं असतात, कधी एखाद्या संसर्गानंतर तात्पुरती. नळी गार झाली की तांबड्या पेशींचे पुंजके होतात, यंत्र पुंजक्याला एक पेशी समजतं आणि तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण सांगणारं एमसीएचसी अशक्य वाटावं इतकं जास्त दाखवतं. नमुना ३७ अंशांवर उबवून पुन्हा लावला की आकडे जागेवर येतात. तसं झालं असेल तर रिपोर्टखाली टीप असते. ती डॉक्टरांना दाखवा.

व्हिटॅमिन डी यात का नाही? हिवाळ्यात तर तेच कमी होतं ना?

होतं, आणि त्याचसाठी ते पॅकेजमध्ये घालणं धंद्याच्या दृष्टीने सोपं होतं. बऱ्याच लोकांचा आकडा कमी येतो, रिपोर्ट लाल होतो आणि पॅकेज ‘कामाला आलं’ असं वाटतं. पण निरोगी प्रौढांनी ही चाचणी सरसकट करू नये, असंच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. अमुक आकड्याच्या खाली गेलं की निरोगी माणसाचं नुकसान होतं, असं सिद्ध झालेलं नाही.

हाडं दुखतात, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे, मूत्रपिंडाचा किंवा आतड्यांचा जुना आजार आहे, फिट्सची काही औषधं चालू आहेत, अशा वेळी डॉक्टर ही चाचणी सांगतात. तेव्हा ती वेगळी करून मिळते. मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. जास्त झालेल्या डीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्याचा त्रास कमतरतेपेक्षा वाईट असू शकतो.

कॅन्सर मार्कर का ठेवले नाहीत?

सीईए, सीए १२५ यांसारख्या चाचण्या आधी निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारावर लक्ष ठेवायला उपयोगी पडतात. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला त्या कच्च्या आहेत. धूम्रपानाने सीईए वाढतं, मासिक पाळीत किंवा एंडोमेट्रिओसिसमध्ये सीए १२५ वाढतं, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दोन्ही नॉर्मल असू शकतात. म्हणजे भीती खोटी आणि दिलासाही खोटा. गर्भाशयमुखाची, स्तनांची, मोठ्या आतड्याची पडताळणी उपयोगी आहे, पण तिच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्या वयानुसार ठरतात.

सगळं नॉर्मल आलं. आता वर्षभर निश्चिंत?

ज्या गोष्टी तपासल्या त्या त्या दिवशी ठीक होत्या, एवढंच त्यातून कळतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अवस्था, फुप्फुसं, बहुतेक कॅन्सर, मनाची स्थिती यांबद्दल हा रिपोर्ट काही सांगत नाही. नंतर काही त्रास सुरू झाला तर ‘डिसेंबरचा रिपोर्ट चांगला होता’ म्हणून तो अंगावर काढू नका.

मग अशा तपासणीने आयुष्य वाढतं का?

तसा दावा आम्ही करत नाही. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला, त्यात अडीच लाख लोकांचा समावेश होता. तपासणीला बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या लोकांच्या मृत्यूच्या प्रमाणात जवळजवळ काही फरक आढळला नाही. त्यातले बरेच अभ्यास जुने आहेत हे खरं, पण उलट बाजूचा भक्कम पुरावाही नाही. तुमच्या वयाला आणि घराण्याला साजेसं असं काही नेमकं शोधायचं असेल, तर उपयोग होतो. बऱ्याच जणांसाठी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढंच पुरतं, आणि ते सुटंही करून मिळतं.

छातीत दडपण येतंय / दम लागतोय. पॅकेज आजच करता येईल?

पॅकेज करू नका, थेट रुग्णालयात जा. एका बाजूचं अंग किंवा बोलणं अचानक बदललं तरीही तेच.

रिपोर्ट समजावून सांगाल का?

आकडा कसा मोजला, नमुना ठीक होता का, पुन्हा करायची गरज आहे का, हे आमचे पॅथॉलॉजिस्ट फोनवर सांगतात. औषध सुरू करायचं की बदलायचं हे तुम्हाला तपासणारे डॉक्टर सांगतील. त्यांच्याकडे जाताना मागचे दोन-तीन रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि नमुन्याच्या आधीच्या महिन्यात काय आजार झाला होता याची नोंद घेऊन जा. पोटॅशियम, साखर, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट धोक्याच्या पातळीला आढळले तर आम्ही रिपोर्टची वाट न पाहता नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करतो, म्हणून तो क्रमांक उचलला जाणारा असू द्या.